फोनवर माइक चालतो, लॅपटॉपवर का नाही? हेडफोनच्या पिनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं तरी हीच तक्रार घेऊन येतात. काउंटरवर फोन ठेवतात, इअरफोन लावतात, घरी कॉल करून दाखवतात, "बघा भाऊ, चालतो ना?" मग तीच पिन लॅपटॉपला लावतात, "मग इथेच काऊन नाही चालत?" बहुतेक वेळा ना हेडफोन बिघडलेला असतो, ना लॅपटॉप. दरवेळी तेच तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवतो आहे. हे सगळं 3.5 मिलिमीटरच्या गोल पिनेबद्दल आहे. ब्लूटूथची दुखणी वेगळी, ती इथे नाहीत.

एकच पिन, फोनवर माइक देते आणि लॅपटॉपवर नाही. असं कसं?

पिन उजेडात धरा आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. माइकवाल्या इअरफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात. तीन रेघांमुळे धातूचे चार तुकडे पडतात: टोक, पहिला पट्टा, दुसरा पट्टा आणि सगळ्यात मागचा बुडखा. आजच्या बहुतेक सगळ्या फोनांच्या इअरफोनमध्ये टोकावर डावा कान असतो, पहिल्या पट्ट्यावर उजवा कान, दुसऱ्या पट्ट्यावर ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची परतीची वायर, आणि बुडख्यावर माइक. या मांडणीला सीटीआयए म्हणतात.

फोनच्या जॅकमध्ये या चारही तुकड्यांसाठी धातूच्या चार वेगळ्या पत्त्या असतात. म्हणून एकाच भोकातून आवाज बाहेरही जातो आणि आतही येतो.

जुन्या लॅपटॉपची रचना तशी नाही. तिथे ऐकण्याचा जॅक वेगळा आणि बोलण्याचा वेगळा, आणि प्रत्येकात तीनच पत्त्या. हेडफोनच्या जॅकला डावा, उजवा आणि ग्राउंड एवढंच ठाऊक. तुमच्या पिनेच्या बुडख्यावरून माइक कितीही ओरडला तरी ते ऐकणारी वायर त्या जॅकमागे टाकलेलीच नाही. त्यामुळे ड्रायव्हर बदला, विंडोज नवं टाका, काही उपयोग नाही. नसलेली वायर सॉफ्टवेअरने येत नाही. विंडोज पुन्हा टाकून देण्याचे पैसे मोजून मग आमच्याकडे आलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

माझ्या लॅपटॉपचा जॅक कुठल्या प्रकारचा आहे हे कसं ओळखायचं?

भोकं मोजा आणि शेजारचं चिन्ह बघा. दोन भोकं असतील, एकाशेजारी हेडफोनचं चित्र आणि दुसऱ्याशेजारी माइकचं, तर जॅक वेगळे आहेत. एकच भोक असेल आणि चित्रातल्या हेडफोनला छोटा माइक जोडलेला असेल, तर तो चार पत्त्यांचा एकत्र जॅक, बाजारात त्याला कॉम्बो म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांना हाच असतो.

एकच भोक आणि साधं हेडफोनचं चित्र असेल तर मात्र चित्रावर विसंबू नका. काही कंपन्या कॉम्बो जॅकलाही तेच चित्र छापतात. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर जॅकच्या ओळीत `combo` किंवा `headphone/microphone` लिहिलंय का ते पाहा.

मग तीच पिन माइकच्या भोकात घातली तर?

तरी माइक चालणार नाही. लॅपटॉपचा माइक-जॅक माइकची अपेक्षा टोकावर करतो, आणि तुमच्या पिनेच्या टोकावर डावा कान आहे.

पण इथे एक गंमत होते. पिन माइकच्या भोकात असताना डाव्या कानाचा बोंडूक तोंडाशी धरून जोरात बोला. आवाज अगदी बारीक, डब्यातून आल्यासारखा, पण येतो. इअरफोनचा पडदा आणि कॉइलवाल्या माइकचा पडदा यांत तत्त्वाचा फरक नाही. करंट दिला की पडदा हलतो, पडदा हलवला की करंट येतो. एका कॉलेजच्या मुलाने तोंडी परीक्षा अशीच डावा बोंडूक ओठांशी धरून दिली, आणि नंतर मला अभिमानाने सांगितलं, "माइक चालतो भाऊ, फक्त जवळ धरावा लागतो." माइक चालत नव्हता, कान बोलत होता.

लॅपटॉपला लावल्यावर गाण्यातला गायकच गायब होतो, फक्त वाद्यं ऐकू येतात. इअरफोनचं बटण दाबून धरलं की सगळं नीट होतं. हे काय आहे?

हा माझा आवडता प्रश्न, कारण आतली अख्खी गोष्ट हे बटण उघड करतं.

तीन पत्त्यांच्या जॅकमध्ये ग्राउंडची पत्ती तोंडाजवळ असते. चार तुकड्यांची पिन आत गेली की ही पत्ती नेमकी कुठे टेकेल हे त्या जॅकच्या बनावटीवर ठरतं. दुसऱ्या पट्ट्यावर टेकली तर ग्राउंड मिळालं, गाणी छान वाजतात आणि फक्त माइक लटकलेला राहतो. पण ती मागे बुडख्यावर टेकली, तर लॅपटॉपचं ग्राउंड माइकच्या वायरला लागतं, आणि दोन्ही कानांची खरी परतीची वायर, म्हणजे दुसरा पट्टा, कुठेच लागत नाही.

आता दोन्ही कानांना परतीची वाट उरली नाही. डाव्या कानातून निघालेला करंट उजव्या कानातून परततो, म्हणजे दोन्ही कान एकापुढे एक, माळेत जोडल्यासारखे होतात. अशा जोडणीत डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकाला खाऊन टाकतं. गाणं ध्वनिमुद्रित करताना गायक बहुधा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखा. म्हणून नेमका तोच नाहीसा होतो. बाजूला ठेवलेली वाद्यं आणि खोलीचा घुमारा तेवढा उरतो.

बटण दाबल्यावर काय होतं? इअरफोनचं प्ले-पॉज बटण दुसरं काही करत नाही, माइकची वायर आणि ग्राउंड एकमेकांना थेट जोडतं. फोन त्यावरून ओळखतो की बटण दाबलं. इथे मात्र त्या जोडणीमुळे बुडख्याचं ग्राउंड दुसऱ्या पट्ट्याला मिळतं, वाट पूर्ण होते आणि गायक परत येतो. बटण सोडलं की पुन्हा गेला.

पिन अर्धा-एक मिलिमीटर बाहेर ओढली तरी कधीकधी आवाज नीट होतो, कारण पत्ती बुडख्यावरून सरकून दुसऱ्या पट्ट्यावर येते. त्यासाठी पिनेखाली कागदाची घडी घालून ठेवणारे लोकही येतात. गाणं ऐकायला ठीक आहे, माइक त्यानेही येत नाही.

समोरच्याला माझा आवाज जातो, पण लांबून आणि खूप गोंगाटासह. म्हणजे माइक खराब आहे का?

हा प्रश्न वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त लोकांना फसवतो. एक उदाहरण सविस्तर सांगतो.

महाल भागातल्या एक काकू दहावीच्या मुलांना गणित शिकवतात, ऑनलाइन. मे महिना, दारं-खिडक्या बंद, आणि खिडकीत तो आपला दणदणीत कूलर. काकू म्हणाल्या, "अरे, पोरं म्हणतात की पाण्याचा आणि पंख्याचाच आवाज येतो, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. इअरफोनचा माइक इतका तोंडाशी आहे, तरी असं का? दुसरा इअरफोन आणला, तरी तेच." लॅपटॉप जुना, दोन जॅकवाला. इअरफोन फोनबरोबर आलेला.

मी त्यांच्या इअरफोनच्या माइकच्या बारीक छिद्रावर नखाने खरवडलं आणि स्क्रीनवरची आवाजाची पट्टी बघितली. ढिम्म. मग स्क्रीनच्या वरच्या चौकटीवर, कॅमेऱ्याच्या शेजारी, तसंच खरवडलं. पट्टी टोकापर्यंत उडाली. म्हणजे इतके दिवस काकू बोलत होत्या लॅपटॉपच्या आतल्या माइकशी, जो त्यांच्यापासून दोन फुटांवर आणि कूलरच्या बरोबर समोर होता. इअरफोनचा माइक त्या सबंध काळात कशालाच जोडलेला नव्हता. "म्हणजे दोन्ही इअरफोन चांगले होते?" "दोन्ही." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पैसे मीच घेतले होते.

खरवडायची ही परीक्षा तुम्हीही आधी करा. विंडोज 11 मध्ये `Settings`, मग `System`, मग `Sound` इथे `Input` खाली पट्टी हलताना दिसते. यादीत `Microphone Array` असं नाव निवडलेलं असेल तर तो बहुतेक वेळा लॅपटॉपचा आतला माइक असतो. कुठल्या जागी खरवडल्यावर पट्टी उडते त्यावरून दोन मिनिटांत कळतं की चालू माइक कुठला आहे. टिचक्या मारू नका; टिचकीचा हादरा टेबलावरून दोन्ही माइकांना पोचतो आणि गोंधळ होतो. खरवडणंच बरं.

दोन जॅकच्या लॅपटॉपला उपाय काय?

एक छोटी वाय-आकाराची वायर: एका बाजूला चार पत्त्यांचं एक भोक, दुसऱ्या बाजूला तीन-तीन तुकड्यांच्या दोन पिना. इअरफोन त्या भोकात जातो. एक पिन हेडफोनच्या जॅकमध्ये, दुसरी माइकच्या. आत काही इलेक्ट्रॉनिक्स नाही, फक्त वायरींची फेरजोडणी आहे: बुडख्यावरचा माइक दुसऱ्या पिनेच्या टोकावर आणून ठेवला, एवढंच. माइकला चालायला थोडी वीज लागते, ती लॅपटॉपचा माइक-जॅक स्वतःच देतो.

अडचण अशी की दुकानात "स्प्लिटर द्या" म्हटलं की तीन वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही हातात येऊ शकते, आणि तिन्ही दिसायला बहिणी-बहिणी. काकूंचा मुलगा पहिल्यांदा चुकीचीच घेऊन आला होता. त्याने आणली ती एक पिन आणि दोन भोकांची, पिनेवर तीन रेघा. ती नेमकी उलट कामाची: दोन पिनांचा कॉम्प्युटरचा हेडसेट फोनला लावण्यासाठी. तिसरीतही एक पिन आणि दोन भोकंच असतात, पण पिनेवर दोनच रेघा, आणि ती दोघांनी एका फोनवर सिनेमा बघण्यासाठी. तिच्यात माइकचा संबंधच नाही.

तेव्हा नाव सांगू नका, आकार सांगा: "एक होल, दोन पिना, एका पिनेवर हेडफोनचं चित्र, एकीवर माइकचं." दोन्ही पिनांवर काळ्या रेघा दोन-दोनच असल्या पाहिजेत. शक्य असेल तर लॅपटॉप आणि इअरफोन दुकानातच घेऊन जा आणि लावून बघा. वस्तू स्वस्त आहे, चकरा महाग पडतात.

योग्य वायर लावली, तरी माइक नाही. आता?

वायर लावल्याने फक्त रस्ता तयार झाला. कुठल्या माइकवरून ऐकायचं हे विंडोजला अजून सांगायचं आहे. रन उघडून हे टाका:

```
mmsys.cpl
```

`Recording` टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून `Show Disabled Devices` निवडा. बाहेरच्या जॅकचा माइक तिथे वेगळ्या नावाने दिसला पाहिजे. तो चालू करा, `Set Default` करा आणि पुन्हा नखाने खरवडून पाहा. पट्टी हलते पण बारीकच, तर `Properties` मध्ये `Levels` खाली `Microphone Boost` असेल. काकूंच्या लॅपटॉपवर तो शून्यावर होता. 20 डेसिबल केल्यावर आवाज भरून आला. 30 करून पाहिलं तर मागे सळसळ ऐकू यायला लागली, म्हणून परत 20 वर आणलं.

यानंतर ज्या ॲपमध्ये बोलायचं आहे त्याची स्वतःची माइकची निवड वेगळी असते. विंडोजमध्ये बदललं म्हणून मीटिंगच्या ॲपने ऐकलंच असं नाही. त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन नाव बघा. आणि `Settings` मधल्या `Privacy & security`, `Microphone` इथे परवानगी बंद असेल तर सगळं बरोबर असूनही पट्टी मेलेलीच राहते.

काकूंनी त्या संध्याकाळी फोन केला. कूलर तसाच चालू होता, पण पोरांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं की मॅडम, तुमच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.

माझ्याकडे एकच कॉम्बो जॅक आहे. मग तर चार पत्त्या आहेत ना, तरी माइक का नाही?

इथे वायर आहे, पण ओळख चुकते आहे. कॉम्बो जॅकमध्ये तुम्ही साधा तीन तुकड्यांचा हेडफोनही लावू शकता आणि चार तुकड्यांचा हेडसेटही. काय लावलं हे लॅपटॉपला दिसत नाही, ते तो मोजून ठरवतो. पिन आत गेली की आतली ऑडिओची चिप माइकच्या पत्तीवर थोडा व्होल्टेज सोडते आणि पलीकडे किती रोध आहे ते बघते. तीन तुकड्यांच्या पिनेत बुडखा आणि दुसरा पट्टा एकच असतात, तिथे शॉर्ट दिसतो. चिप समजते की माइक नाही, नुसता हेडफोन आहे. माइक असेल तर हजारेक ओहम किंवा त्याहून जास्त रोध दिसतो आणि चिप म्हणते, हेडसेट आला.

हे मोजमाप पिन घालतानाच्या क्षणी होतं. हळूहळू, चाचपडत पिन घातली तर पत्त्या क्षणभर चुकीच्या तुकड्यांवर टेकतात आणि त्याच क्षणाचा निकाल कायम होतो. म्हणून पहिला उपाय: पिन पूर्ण काढा, दोन सेकंद थांबा आणि एका दमात खटकन आत घाला. हसू नका, निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. आणि इअरफोनचं बटण दाबलेलं असताना पिन घालू नका, कारण तेव्हा चिपला शॉर्टच दिसणार. फोनच्या कव्हरसारखं काही अडत असेल किंवा जॅकच्या तळाशी कापसाचा बोळा दाबून बसला असेल, तर पिन पूर्ण जात नाही. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत हे होतंच. टाचणीने खरवडू नका, पत्ती वाकते.

काही लॅपटॉपांवर पिन घातल्यावर एक चौकट उघडते आणि काय लावलं ते विचारते. घाईत लोक ती बंद करतात किंवा `Headphones` निवडतात. तिथे `Headset` निवडायचं. एकदा "पुन्हा दाखवू नको" केलं असेल तर `Realtek Audio Console` किंवा कंपनीच्या ऑडिओ ॲपमध्ये ती परत चालू करता येते.

आणि विंडोज नवं टाकल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर `Device Manager` उघडा. ऑडिओच्या खाली नुसतं `High Definition Audio Device` असं लिहिलं असेल, तर विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर बसला आहे. तो आवाज देतो, पण कॉम्बो जॅकची ओळख नीट करेलच असं नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून त्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर टाका. इथे, आणि फक्त इथेच, ड्रायव्हरचा इलाज खरा आहे.

इअरफोन जुना आहे. त्याची जोडणी वेगळी असू शकते का?

असू शकते. सीटीआयएच्या आधी आणि बरोबरीने ओएमटीपी नावाची मांडणी चालत होती. जुन्या काही नोकिया आणि सोनी एरिक्सन फोनांत ती असायची. तिच्यात ग्राउंड आणि माइक यांची अदलाबदल: दुसऱ्या पट्ट्यावर माइक, बुडख्यावर ग्राउंड. पिन बाहेरून बघून काहीही कळत नाही.

मल्टिमीटर असेल तर मिनिटभराचं काम आहे. ओहमवर ठेवा आणि पिनेचे तुकडे मोजा. काकूंच्या इअरफोनचे आकडे असे आले: टोक ते दुसरा पट्टा 17, पहिला पट्टा ते दुसरा पट्टा 17, टोक ते पहिला पट्टा 34, आणि दुसरा पट्टा ते बुडखा चौदाशेच्या आसपास. दोन्ही कान दुसऱ्या पट्ट्यापाशी भेटतात, म्हणून तिथे ग्राउंड. टोक ते पहिला पट्टा मोजताना दोन्ही कान एकापाठोपाठ येतात, म्हणून बरोबर दुप्पट. बुडख्याकडे मोठा आकडा, तो माइक. म्हणजे सीटीआयए. टोक ते बुडखा असा छोटा आकडा आला असता तर ओएमटीपी. माइकचा आकडा मीटरागणिक आणि वायरी उलट धरल्यावर बदलतो, तो हुबेहूब जुळवत बसू नका. कान लहान आणि माइक मोठा, एवढं पुरे.

माइकच्या जागी आकडाच आला नाही, तर माइकची वायर तुटली आहे. बहुतेक वेळा पिनेच्या मानेपाशीच तुटते.

मध्ये लांब करायला एक्स्टेन्शन वायर लावली आहे. त्याने फरक पडतो?

हो, आणि हा दोष कुणाच्या लक्षातच येत नाही. बाजारातल्या बऱ्याच एक्स्टेन्शन वायरी तीन तुकड्यांच्या असतात. गाणी व्यवस्थित, माइक गायब. पिनेवरच्या रेघा मोजा. दोन दिसल्या तर ती काढून पुन्हा तपासा. गाडीच्या ऑक्स वायरीचंही तेच.

उबुंटूवर काय करायचं?

आधी `pavucontrol` नसेल तर बसवून, मग तो उघडून `Input Devices` मध्ये `Port` खाली `Headset Microphone` दिसतं का ते पाहा. दिसलं तर निवडा, झालं. दिसतच नसेल आणि जॅक कॉम्बो असेल तर चिप कुठली ते पाहा:

```
grep Codec /proc/asound/card*/codec*
```

रिअलटेकची चिप असेल तर `/etc/modprobe.d/alsa-base.conf` मध्ये शेवटी ही ओळ टाकून मशीन पुन्हा सुरू करा:

```
options snd-hda-intel model=dell-headset-multi
```

नावात डेल आहे, तरी दुसऱ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरही बऱ्याचदा लागू पडतं. नाही पडलं तर ओळ काढून टाका. दोन जॅकच्या लॅपटॉपवर हा खटाटोप करू नका, वर सांगितलेली वायरच घ्या.

चुकीच्या जॅकमध्ये घातल्याने काही जळतं का?

नाही. माइकच्या पत्तीवर तीनेक व्होल्टच असतात आणि मध्ये रेझिस्टर असतो, त्यामुळे शॉर्ट झाला तरी करंट नगण्य. फक्त कानात असताना पिन काढ-घाल करू नका, फट्-फट् आवाज कानाला लागतो.

लॅपटॉपचा जॅकच ढिला झाला आहे. बदलावाच लागेल का?

बदलता येतो, पण बऱ्याच मॉडेलमध्ये तो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो आणि मजुरी वस्तूपेक्षा कितीतरी जास्त होते. मी स्वतः अशा वेळी यूएसबी साउंड कार्ड सुचवतो. बोटाएवढी वस्तू, आत स्वतःची ऑडिओ चिप, लॅपटॉपचा जॅक तसाच राहू द्या. घेताना मात्र पुन्हा तेच बघा. त्याला दोन भोकं असतील तर वाय-वायर इथेही लागेल. एकच भोक असेल आणि वर हेडसेटचं चित्र असेल तर फोनचा इअरफोन सरळ लागतो. परवाच एकजण दोन भोकांचं कार्ड घेऊन आला, फोनचा इअरफोन त्यातल्या हिरव्या भोकात, आणि म्हणाला, "बाप्पा, यातही माइक नाही!"